अकरा गुंठे चौघांत : कागद काय सांगतो, एजंट काय सांगतो



खंडाळा तालुक्यात सध्या दोन पिकं जोरात आहेत. एक कांदा आणि दुसरं गुंठे. शिरवळ, केसुर्डी, खंडाळ्याच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या पोरांच्या हातात महिन्याचा पगार येतो, चार-पाच वर्षांत थोडी पुंजी जमते आणि मग कोणीतरी सांगतं, "बँकेत ठेवून काय मिळतंय, दोन-तीन गुंठे घेऊन टाक, पाच वर्षांत डबल." मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं असाच एक व्यवहार ठरवत आणला होता. इसार द्यायच्या आधी तो कागद घेऊन माझ्याकडं आला. ते कागद आम्ही दोघांनी महिनाभर तपासले. त्यात जे निघालं ते इथं मांडतोय, कारण असेच व्यवहार आपल्या भागात ठिकठिकाणी चालू आहेत.

व्यवहार असा होता. एका गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर. त्यातले अकरा गुंठे एक भाऊ विकणार. घेणारे चौघं. त्यातले तीन गुंठे भाच्याच्या वाटणीला. दर अडीच लाख रुपये गुंठा, म्हणजे साडेसात लाख. चौघांचं मिळून एकच खरेदीखत होणार आणि सातबाऱ्यावर चौघांची नावं लागणार. जागेवर चुन्याच्या रेघा मारून चार तुकडे पाडलेले होते आणि मधून बारा फुटी रस्ता दाखवला होता.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तू तीन गुंठे विकत घेतोयस म्हणजे नेमकं काय विकत घेतोयस?" तो म्हणाला, "मामा, तो काय, रेघा मारलेला तुकडा." त्या रेघा कुठल्या कागदावर आहेत, असं विचारल्यावर तो गप्प बसला.

अकराच गुंठे का?

हा आकडा कायद्यातून आलाय. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा आहे. जमिनीचे इतके बारीक तुकडे होऊ नयेत की त्यात शेतीच करता येणार नाही, म्हणून तो केला. त्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिलंय. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनंतर आपल्या जिल्ह्यात बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं ते आहे. त्यापेक्षा लहान तुकडा पडेल अशी विक्री करता येत नाही आणि वाटणीही करता येत नाही. वाटणीचं हे कलम लोक विसरतात.

म्हणून एजंट लोक दहाच्या थोडं वर, अकरा गुंठ्यांचं एक खरेदीखत करतात आणि त्यात तीन-चार नावं घालतात. खरेदीखत अकरा गुंठ्यांचं असल्यामुळं कागदावर तुकडा पडत नाही. पण त्या चौघांना पुढं आपापसात वाटणी करून वेगळे सातबारे करायचे म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन गुंठेच येतात. तो तुकडा होतो, म्हणून वाटणी होत नाही. म्हणजे चौघं कायम सामाईक राहणार. भाच्याच्या नावापुढं तीन गुंठे लिहिलेले असतील, पण ते तीन गुंठे पूर्वेचे की पश्चिमेचे, रस्त्याकडचे की ओढ्याकडचे, हे कुठलंच सरकारी रेकॉर्ड सांगणार नाही. चुन्याच्या रेघा पहिल्या पावसातच जातात.

यात आणखी एक मेख होती. एजंट ती जमीन बागायत म्हणून सांगत होता, कारण धोम-बलकवडीचा कालवा त्या बाजूनं जातो. आम्ही सातबारा बघितला तर पूर्ण क्षेत्र जिरायत. विहिरीची नोंद नाही, बोअरची नाही, कालव्याच्या पाण्याचीही नाही. पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं ज्वारी, बाजरी आणि पड. कालवा शेजारून गेला म्हणून जमीन बागायत होत नाही, नोंद लागते. आणि जिरायत असेल तर मर्यादा २० गुंठ्यांची, म्हणजे मूळ अकरा गुंठ्यांची विक्रीच तुकड्यात बसते.

एजंटचं यावर उत्तर तयार होतं, "दस्त होतोय ना, मग झालं." इथं लोक फसतात. दस्त नोंदणी आणि सातबाऱ्यावर नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १२ जुलै २०२१ ला नोंदणी विभागानं परिपत्रक काढून असे गुंठ्यांचे दस्त नोंदवू नका म्हणून सांगितलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मे २०२२ मध्ये ते परिपत्रक रद्द केलं. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की आता तुकडेबंदीच उठली. तसं नाही. परिपत्रक रद्द झालं, कायदा जागेवरच राहिला. त्यामुळं दुय्यम निबंधकाकडं दस्त नोंदवला गेला तरी फेरफार धरताना तो तुकडेबंदीत अडतो आणि मंडळ अधिकारी नोंद रद्द करतात. अशा वेळी पैसे गेलेले असतात, मुद्रांक शुल्क भरलेलं असतं आणि सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचंच असतं.

नंतरच्या काळात सरकारनं जुने तुकडे नियमित करण्यासाठी सवलती दिल्या. २०२४ मध्ये त्याची रक्कम बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणली. २०२५ मध्ये शहरी आणि निवासी भागातल्या तुकड्यांना आणखी मोकळीक दिली. पण त्या सवलती जुन्या व्यवहारांसाठी आणि ठरावीक भागांसाठी आहेत. शेती झोनमध्ये आज नवा तुकडा पाडायचा आणि उद्या सवलत येईल म्हणून बसायचं, हा जुगार आहे.

सातबारा म्हणजे मालकी नव्हे

आता विकणाऱ्याकडं वळू. ताज्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावं होती. तीन भाऊ, १२० आर, म्हणजे एकेकाला ४० आर. विकणाऱ्याकडं भरपूर जमीन आहे असं वरवर दिसतं.

सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, पण त्या नोंदीनं कोणी मालक होत नाही. मालकी कशी आली हे फेरफारात कळतं. म्हणून आम्ही सातबाऱ्यावर नावापुढं कंसात किंवा गोलात जे फेरफार नंबर असतात, ते एकेक करून काढले. नवीन फेरफार ऑनलाइन मिळतात. जुने तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागून घ्यावे लागतात. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तिथपर्यंत मागं गेलं पाहिजे.

१९९८ चा वारसाचा फेरफार हातात आला आणि सगळं उलगडलं. वडील वारले तेव्हा वारस पाच होते, तीन मुलगे आणि दोन मुली. पण फेरफारात लिहिलेलं, "मुलींनी जबाब देऊन हक्क सोडला आहे, सबब मुलांची नावे दाखल." नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठंच नाही. तलाठ्यासमोरच्या जबाबानं जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला नोंदवलेला दस्त लागतो. वडिलांच्या वाट्याला मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क मुलाइतकाच आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते पक्कं केलंय. म्हणजे त्या दोन बहिणींची नावं सातबाऱ्यावर नसली तरी त्यांचा हिस्सा जमिनीत आहेच.

आता हिशोब बदलतो. १२० आर भागिले पाच, म्हणजे एकेकाला २४ आर.

पुढं आम्ही वकिलांकडून सर्च घेतला. सर्च म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयातली तीस वर्षांची सूची क्रमांक दोन बघणं. या गटात या माणसानं आधी काय विकलंय, गहाण काय ठेवलंय, विसारपावती नोंदवलीय का, ते त्यात दिसतं. त्यात निघालं की विकणाऱ्या भावानं आधीच दोन दस्तांनी २० आर विकलेत. एकाचा फेरफार झाला होता, दुसऱ्याचा अडकला होता, म्हणून सातबाऱ्यावर पूर्ण चित्र दिसत नव्हतं.

तीन वारस धरले तर ४० वजा २०, त्याच्याकडं २० आर उरतात आणि अकरा गुंठे त्यात बसतात. पाच वारस धरले तर २४ वजा २०, त्याच्याकडं ४ आरच उरतात. तो विकायला निघालाय अकरा गुंठे, म्हणजे ११ आरपेक्षा जरा जास्तच. बाकीची जमीन बहिणींची. उद्या बहिणी किंवा त्यांची मुलं दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावतील तेव्हा या चौघांना प्रतिवादी व्हावं लागेल.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. सामाईक जमिनीतला हिस्सेदार आपला हिस्सा विकू शकतो, त्याला कायद्यानं बंदी नाही. पण घेणाऱ्याला त्याच्या हिश्श्यापुरताच हक्क मिळतो आणि तोही ठरावीक जागेचा नाही. घेणारा फक्त त्याच्या जागी हिस्सेदार म्हणून उभा राहतो आणि वाटप मागू शकतो. खरेदीखतात चतुःसीमा कितीही व्यवस्थित लिहिल्या तरी, बाकीचे हिस्सेदार कबूल नसतील तर त्या चतुःसीमेला फारसा अर्थ राहत नाही. आमच्या मसुद्यात तर तीन बाजूंना "त्याच गटातील उर्वरित क्षेत्र" असं लिहिलेलं होतं. अशा सीमेवर मोजणीवाला खुणेचा दगड कुठं रोवणार?

सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीचा इकरार बोजाही होता. विकणारा म्हणाला, कर्ज कधीच फेडलंय. असेल फेडलेलं. पण सोसायटीचा बेबाकी दाखला आणि बोजा कमी केल्याचा फेरफार हातात येईपर्यंत ते ऐकायचं नाही. इकराराची जमीन कर्ज फिटायच्या आधी विकली तर सहकार कायद्यानं तो व्यवहारच टिकत नाही.

आणि घेणारे चौघंही शेतकरी असले पाहिजेत. कूळ कायद्याच्या ६३ कलमानं बिगरशेतकऱ्याला कलेक्टरच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आमच्या चौघांतला एक कंपनीतला परजिल्ह्यातला मित्र होता. त्याच्या घरी शेती आहे असं तो सांगायचा, पण सातबारा काही आणत नव्हता. एकाच दस्तात चौघं असले की एकाची अडचण चौघांच्या गळ्यात पडते.

साडेसात लाखांचे खरे किती?

समजा वरच्या सगळ्या अडचणी नाहीत, सगळं स्वच्छ आहे. तरी पैशाचा हिशोब काय येतो, तो आम्ही वहीत मांडला. दर गावागावाला वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा.

जमिनीची किंमत ७,५०,०००. मुद्रांक शुल्क हिशोबाला पाच टक्के धरलं, ३७,५००. तुमच्या हद्दीचा नेमका दर दुय्यम निबंधकाकडून घ्या. आणि लक्षात ठेवा, शुल्क करारातली किंमत आणि सरकारी रेडीरेकनर यात जी जास्त असेल तिच्यावर लागतं. नोंदणी फी एक टक्का, ७,५००. टायपिंग आणि दस्त हाताळणी ३,०००. वकिलाचा सर्च आणि पेपरातली जाहीर नोटीस, आपल्या वाट्याचे ८,०००. एजंटचे दोन टक्के १५,०००. मोजणीतला वाटा ४,०००. सिमेंटचे पोल आणि काटेरी तारेचं कुंपण ३०,०००. रस्त्यावर मुरूम टाकायचा वाटा १५,०००. हा वरचा खर्च सगळा मिळून १,२०,००० होतो. म्हणजे जमीन पडली ८,७०,००० ला.

त्यातून बारा फुटी रस्ता चौघांच्या क्षेत्रातून काढलेला होता. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तीन गुंठ्यांचे ३,२६७ व्हायला पाहिजेत. आम्ही टेप लावला तर कुंपणात येणारी जागा अडीच गुंठ्यांच्या आसपास भरली. पैसे तीनचे, हातात अडीच. शिवाय हा रस्ता डांबरी रस्त्यापर्यंत पोचताना दुसऱ्या भावाच्या बांधावरून जात होता. त्याचं नोंदवलेलं संमतीपत्र नव्हतं. तो भाऊ उद्या आडवा आला की तहसीलदाराकडं रस्त्याची केस लावायची आणि तारखा धरायच्या.

आता पाच वर्षांनी किती आले पाहिजेत? हेच ८,७०,००० सात टक्क्यांनी चक्रवाढ धरून ठेवले तर पाच वर्षांत साधारण १२,२०,००० होतात. म्हणजे भाच्याला तो तुकडा गुंठ्याला चार लाखांच्या वर विकता आला तरच तो बँकेच्या बरोबरीला येतो. अडीचाचे चार झाल्यावरही फायदा शून्य. आणि या पाच वर्षांत त्या तीन गुंठ्यांत पीक म्हणाल तर काहीच नाही. ट्रॅक्टर वळवायला जागा नाही, पाणी नाही. गाजर गवत मात्र दरवर्षी काढावं लागणार.

विकायला गेलं की काय होतं

घेताना घाई असते, म्हणून विकताना काय होईल याचा विचार कोणी करत नाही. मी भाच्याला म्हणालो, आता तू घेणारा नाहीस, पाच वर्षांनंतरचा विकणारा आहेस असं धर. तुझ्यासमोर गिऱ्हाईक बसलंय. ते काय विचारेल?

ते विचारेल, मोजणीचा नकाशा दाखवा. तो नाही, कारण पोटहिस्सा पडलेला नाही. ते विचारेल, बँक कर्ज देईल का? सामाईक सातबाऱ्यातल्या तीन गुंठ्यांवर बँक सहसा हात लावत नाही. ते विचारेल, घर बांधता येईल का? गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत जमीन असेल तर अकृषिक वापराचा मार्ग थोडा सोपा आहे, पण ही जमीन गावठाणापासून दीड किलोमीटर लांब, शेती झोनमध्ये. मग ते विचारेल, तुम्ही एकटेच सही करणार का? तीन गुंठे एकट्यानं विकायला गेलं की पुन्हा तुकडेबंदी आडवी येते. म्हणून पूर्ण अकरा गुंठे एकदम विकायला चौघांच्या सह्या लागणार. चौघांना एकाच वेळी पैशाची गरज पडेल, दर पटेल आणि चौघं एका दिवशी निबंधकासमोर हजर होतील, असं क्वचितच जुळतं. त्यातला एक वारला तर त्याचे वारस आले, एकाची बदली झाली तर मुखत्यारपत्र आलं.

मग असा तुकडा घेतो कोण? बहुतेक वेळा त्या चौघांतलाच एक, नाहीतर शेजारचा बांधकरी. आणि त्यांना माहीत असतं की याला दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून ते आपल्या दरानं मागतात. एजंट जो दर सांगत फिरतो तो नवीन माणसाला विकायचा दर असतो. परत घ्यायचा दर त्यालाच विचारून बघा. आम्ही विचारलं, "तीन वर्षांनी हेच तुम्ही आज ठरलेल्या किमतीला परत घ्याल का, तसं लिहून द्या." त्यानं विषय बदलला.

शेवटी आम्ही काय केलं

आम्ही मोडता घातला नाही, अटी घातल्या. तिघं भाऊ आणि दोघी बहिणी मिळून नोंदणीकृत वाटपपत्र करावं, किंवा बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. मग पोटहिस्सा मोजणी करून विकणाऱ्याचा वेगळा सातबारा करावा. सोसायटीचा बोजा उतरवावा. रस्त्याची संमती दस्तात यावी. विहीर किंवा पाण्याचा हक्क प्रत्यक्षात असेल तर त्याची नोंद करून क्षेत्र बागायत दाखवावं, नसेल तर वीस गुंठ्यांच्या आत व्यवहार नको. आणि या सगळ्यानंतर अकरा गुंठे चौघांत न घेता, ज्याची ऐपत असेल त्यानं एकट्यानं पूर्ण घ्यावेत. एका नावाचा, एका नकाशाचा, प्रमाणभूत क्षेत्राचा सातबारा असेल तर तो विकता येतो, तारण ठेवता येतो, आणि नाहीच विकला तर निदान कसता येतो.

विकणारा म्हणाला, बहिणींना आता कशाला मध्ये घ्यायचं. तिथंच आम्हाला उत्तर मिळालं. त्या अकरा गुंठ्यांना महिनाभरात दुसरे चौघं मिळाले. दस्त झाला, फेरफार हरकतीत आहे. हरकत धाकट्या बहिणीची आहे.

भाच्याचे वकील आणि नकला धरून सोळा हजार गेले. त्याला ते जड वाटले. मी म्हणालो, साडेसात लाखांच्या बैलाचे दात बघायला सोळा हजार लागले, महाग नाही. बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो, खोड विचारतो. जमीन घेताना मात्र एजंटच्या मोटारीत बसून लांबून बघून येतो.

कोणाचा असा व्यवहार चालू असेल तर इसार द्यायच्या आधी एवढं तरी करा: वारसाचा फेरफार काढा आणि त्यात बहिणींचं काय लिहिलंय ते वाचा. नक्कल फी किरकोळ आहे.